कडेला वाफ, मध्ये गारवा
(उरलेले अन्न खरोखर तापले की नाही, हे थर्मामीटरने कसे ताडून पाहावे)

गावचे फेस्त आटोपते, पाहुणेमंडळी आपापल्या घरी परततात आणि मग प्रत्येक घरातील गृहिणीपुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो : उरलेल्या अन्नाचे काय करावे? मटणाचा रस्सा अर्धे पातेले भरून उरलेला असतो, भाताची परातही पुरती रिकामी झालेली नसते. अन्न टाकून देणे आपल्या घरांतून कोणालाही रुचत नाही, आणि ते रुचू नयेच. पूर्वी अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पातेले चुलीवर चढत असे. रस्सा तळापासून खळखळू लागला, पळी फिरविताच सगळीकडून बुडबुडे उठू लागले, की आजीबाई निःशंक मनाने म्हणत, "आता वाढा." ती उकळी हाच त्यांचा पुरावा होता, आणि तो पुरावा खरा होता.

आज खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत चुलीच्या शेजारी मायक्रोवेव्ह येऊन बसला आहे. कोणाच्या मुलाने आखाती देशांतून परतताना तो आणला, कोणाला लग्नात भेट म्हणून मिळाला. वाडगा आत ठेवावा, कळ दाबावी, दोन-तीन मिनिटांत घंटा वाजते आणि वाडग्याच्या कडेने वाफ निघताना दिसते. बोट लावले तर कडा चटका देते. साहजिकच अन्न तापले असे वाटते. परंतु त्याच वाडग्याच्या मध्यभागी, किंवा मटणाच्या जाड फोडीच्या पोटात, अन्न कोमटच, क्वचित गारही राहिलेले असते. चुलीवरची उकळी जो पुरावा देत होती तो हे यंत्र देत नाही. तो आपल्याला निराळ्या मार्गाने मिळवावा लागतो, आणि तो मार्ग म्हणजे स्वयंपाकघरात वापरावयाचा एक लहानसा थर्मामीटर. तो कसा वापरावा, आकडा कोठे वाचावा आणि त्या आकड्यावर कितपत विसंबावे, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

थंड जागा का राहतात?

मायक्रोवेव्ह अन्नाला आतून बाहेर शिजवितो, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. या यंत्रातील मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून विद्युतलहरी निघतात. त्या सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करतात, आणि अन्नातील पाण्याचे सूक्ष्म कण त्यांच्याबरोबर हालचाल करू लागल्याने अन्नात उष्णता उत्पन्न होते. परंतु या लहरी अन्नात फार खोलवर शिरत नाहीत. रस्सा, भाजी, मांस अशा ओलसर पदार्थांत दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे साधारण बोटाच्या एका पेरापर्यंत जाईतो त्यांचा बहुतेक जोर संपून जातो. त्याहून खोल असलेले अन्न लहरींनी तापत नाही. बाहेरचा थर तापून त्याची ऊब हळूहळू आत पाझरते, तेव्हाच ते तापते. आणि या पाझरण्याला वेळ लागतो. तीन मिनिटांत घंटा वाजते, पण तेवढ्यात ती ऊब जाड फोडीच्या मध्यापर्यंत पोहोचलेली नसते.

दुसरे कारण पेटीच्या आतील रचनेत आहे. लहरी धातूच्या भिंतींवर आपटून परत फिरतात आणि येणाऱ्या व परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. विहिरीत दोन बाजूंनी खडे टाकले असता तरंग कोठे एकमेकांना उंचावतात आणि कोठे एकमेकांना पुसून टाकतात, तसाच प्रकार येथे घडतो. पेटीतील काही जागी लहरींचा जोर दुपटीने वाढतो आणि त्यापासून काही सेंटिमीटरवर तो जवळजवळ नाहीसा होतो. या जागा एकाच ठिकाणी स्थिर असल्यामुळे तेथे असलेले अन्न एके ठिकाणी करपण्याइतके तापते, तर शेजारी थंड राहते. हे टाळण्यासाठीच पेटीत काचेची फिरती तबकडी असते. तिच्यामुळे अन्न कमी-अधिक जोराच्या जागांतून फिरत राहते आणि पुष्कळ फरक भरून निघतो. परंतु तबकडीचा अगदी मध्यबिंदू फिरत असला तरी आपली जागा सोडीत नाही. वाडगा बरोबर मधोमध ठेवला, आणि ती जागा नेमकी कमी जोराची असली, तर वाडग्याच्या पोटातील अन्नाला फिरण्याचा फारसा लाभ मिळत नाही.

याशिवाय आपल्या खेड्यांतील एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. मायक्रोवेव्हच्या पाठीवर ८०० वॅट किंवा ९०० वॅट असा जो आकडा लिहिलेला असतो, तो विजेचा दाब पुरेसा असतानाचा आहे. संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे लागले आणि पंप सुरू झाले, की दाब उतरतो आणि साध्या घरगुती मायक्रोवेव्हची शक्तीही त्याबरोबर उतरते. सकाळी चार मिनिटांत जो वाडगा तापला तोच संध्याकाळी चार मिनिटांत तापेल, याची शाश्वती नाही. म्हणून घड्याळातील मिनिटे हा पुरावा होऊ शकत नाही.

कोमट अन्नातील धोका

अन्न थोडे कमी तापले तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. उत्तरासाठी मटणाच्या पातेल्याकडे वळू. मांसात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचे सूक्ष्म जंतू वारंवार आढळतात. मातीत आणि जनावरांच्या आतड्यांत त्यांचा नित्याचा वास असतो. या जंतूंचे वैशिष्ट्य असे की, संकट आले म्हणजे ते कठीण कवचाच्या बीजाचे रूप धारण करतात. मटण कितीही उकळले तरी जंतू मरतात, पण त्यांची ही बीजे तगून राहू शकतात. पुढे पातेले आचेवरून उतरले आणि हळूहळू निवू लागले, की बीजांना अंकुर फुटतो. उकळीमुळे रस्स्यातील हवा निघून गेलेली असते, आणि या जंतूंना तर हवा नसलेलेच स्थान मानवते. त्यांची वाढ सर्वांत जलद होते ती ४३ ते ४७ अंश सेल्सिअसच्या सुमारास. मोठे पातेले झाकून ठेवले असता नेमक्या याच उष्णतेत ते बराच काळ रेंगाळते.

अनुकूल स्थितीत हे जंतू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करून पाहावा : एकाचे दहा मिनिटांत दोन, वीस मिनिटांत चार, तासाभरात चौसष्ट आणि दोन तासांत चार हजारांहून अधिक. अशा अन्नाला वास येत नाही, चव पालटत नाही, रंगही बदलत नाही. हे जंतू मोठ्या संख्येने जिवंत पोटात गेले म्हणजे आतड्यात पोहोचून विष सोडतात. जेवणानंतर सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा येतो आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा दिवसाभरात सावरतो. वृद्ध, तान्ही मुले आणि आधीच आजारी असलेली माणसे यांना मात्र हे दुखणे जड जाऊ शकते. मोठ्या पातेल्यांत शिजलेल्या सामुदायिक जेवणांनंतर ही बाधा विशेष आढळते, त्याचे कारण आता वाचकांच्या ध्यानी आले असेल.

यात एक दिलासा आहे. बीजे चिवट असली तरी त्यांतून अंकुरलेले जंतू चिवट नसतात. अन्नाचा प्रत्येक भाग पुरेसा तापला तर ते मरून जातात आणि पोटात विष तयार करण्यास कोणी उरत नाही. परंतु वाडग्याच्या मध्यभागी ४० अंशांची एक जागा राहून गेली तर तेथील जंतू मरत तर नाहीतच, उलट त्यांना हवी तीच ऊब त्यांना मिळते. म्हणूनच सर्वांत थंड राहिलेली जागा कोठे आहे आणि तेथे किती उष्णता पोहोचली, एवढाच खरा प्रश्न आहे. कडेला कितीही वाफ असो, तिची साक्ष येथे चालत नाही.

किती अंश पुरेत?

अमेरिकेच्या कृषी खात्याने उरलेले अन्न पुन्हा तापविण्यासाठी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, ही मर्यादा सांगितली आहे. इंग्लंडमध्ये अन्नाच्या गाभ्यात ७० अंश उष्णता दोन मिनिटे टिकावी असे सांगतात. या दोहोंत विरोध नाही. जंतू मरतात ते उष्णतेने आणि वेळेने मिळून. उष्णता थोडी कमी असली तर वेळ अधिक लागतो. ती वाढली की थोड्या वेळात काम होते. घरगुती वापरासाठी आम्ही ७४ हा एकच आकडा लक्षात ठेवावा असे सुचवितो, कारण त्यात घड्याळ धरून बसावे लागत नाही. हा आकडा सर्वांत थंड जागेचा असला पाहिजे, सरासरीचा नव्हे. एके ठिकाणी ९० आणि दुसऱ्या ठिकाणी ५८ असे आकडे आले, तर त्यांची सरासरी ७४ भरते. पण ते अन्न खाण्यास योग्य नव्हे.

थर्मामीटर कोणता घ्यावा?

ताप पाहण्याचा घरातील थर्मामीटर या कामी निरुपयोगी आहे. त्याची मोजपट्टी ४२-४३ अंशांच्या आसपास संपते, आणि काचेचा असल्यास तो गरम रस्स्यात फुटून अन्नात काच व पारा मिसळण्याची भीती असते. कपाळासमोर दुरून धरावयाचा थर्मामीटरही नको. तो पृष्ठभागाची उष्णता सांगतो, आणि आपल्याला हवी आहे पोटातील. बाजारात अन्नासाठी म्हणून जो डिजिटल थर्मामीटर मिळतो, ज्याला दाभणासारखी पोलादी सळई असते आणि डोक्याशी आकडे उमटतात, तोच घ्यावा. घड्याळासारखी तबकडी आणि काटा असलेलाही एक प्रकार मिळतो; परंतु त्याच्या सळईचा पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा भाग उष्णता जाणतो आणि तो साऱ्या लांबीची मिळून उष्णता दाखवितो. लहान वाडग्यातील एखादी थंड जागा त्याच्या हाती लागत नाही. डिजिटल थर्मामीटरची जाण सळईच्या टोकाशी असते, म्हणून टोक जेथे असेल तेथलीच उष्णता तो सांगतो.

नवा थर्मामीटर आणल्यावर, आणि पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी किंवा तो हातून पडल्यावर, त्याची परीक्षा घ्यावी. एक पेला कुटलेल्या बर्फाने काठोकाठ भरावा, बर्फाच्या फटी भरतील एवढेच थंड पाणी वरून ओतावे आणि ढवळून एक-दोन मिनिटे थांबावे. मग सळईचे टोक पेल्याच्या मध्यभागी धरावे. ते काचेला टेकू देऊ नये. आकडा शून्य यावा. एखाद्या अंशाचा फरक चालेल. फरक त्याहून मोठा असेल आणि थर्मामीटरवर तो दुरुस्त करण्याची कळ नसेल, तर त्या थर्मामीटरवर विसंबू नये.

कित्येक जण उकळत्या पाण्यात परीक्षा घेतात आणि आकडा १०० आला नाही म्हणून थर्मामीटर बिघडला असे समजतात. येथे गावाच्या उंचीचा विचार करावा लागतो. समुद्रसपाटीपासून वर जावे तसतसे पाणी कमी उष्णतेवर उकळते. दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश. गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी १०० अंशांच्या जवळ उकळेल, पण बेळगावसारख्या साडेसातशे मीटर उंचीच्या गावी ते साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागेल. तेथे थर्मामीटरने ९७ किंवा ९८ दाखविले तर तो खराच बोलत आहे. बर्फाच्या परीक्षेत ही भानगड नसते, म्हणून आम्हांला तीच अधिक सोयीची वाटते.

एका वाडग्याची परीक्षा

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. आम्ही आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेला मटणाचा सुमारे ६०० ग्रॅम रस्सा घेतला. रस्सा दाट होता आणि त्यात हाडांसकट मोठ्या फोडी होत्या. त्याची उष्णता ५ अंश होती. तो काचेच्या पसरट वाडग्यात ओतून वर सैल झाकण ठेवले. झाकणामुळे वाफ आत कोंडते आणि वरचा थरही तापतो. पण ते घट्ट बसवू नये, वाफेला वाट हवी. वाडगा तबकडीच्या मध्यावर न ठेवता थोडा एका अंगाला ठेवला, म्हणजे तबकडीबरोबर तो जागा पालटीत राहील. यंत्र ८०० वॅटचे होते.

तीन मिनिटांनी वाडगा बाहेर काढला. कडेला रस्सा बुडबुडत होता आणि झाकणाखालून वाफ येत होती. न ढवळता सळई कडेपाशी घातली तेव्हा आकडा आला ८४. मध्यभागी रस्स्यात घातली तेव्हा आला ३८, आणि सर्वांत जाड फोडीच्या पोटात ३१. एवढ्याशा वाडग्यात पन्नास अंशांहून अधिक अंतर! केवळ वाफ पाहून हा रस्सा वाढला असता, तर ताटात जी फोड पडती ती जंतूंच्या सुखाच्या उष्णतेत असती.

मग रस्सा तळापासून ढवळला. कडेचा भाग मध्ये आणि मधला कडेला आणला. फोडींना उलथविले आणि जाड फोडी कडेच्या बाजूस कोंडाळे करून मांडल्या, कारण कडेला लहरींचा मारा अधिक बसतो. पुन्हा झाकून दीड मिनिट तापविले, पुन्हा ढवळले आणि घड्याळ पाहून दोन मिनिटे झाकून तसाच ठेवला. हे थांबणे अनेकांना निरर्थक वाटते. परंतु याच वेळात बाहेरची ऊब फोडींच्या आत पाझरते. थांबून झाल्यावर सळई चार ठिकाणी घातली. कडेला ८१, मध्ये ७९, तळाशी ७९; परंतु सर्वांत जाड फोडीच्या पोटात ६९. तीन आकडे मर्यादेच्या पलीकडे होते, एक अलीकडे होता. आणि नियमाप्रमाणे अलीकडचा आकडाच मान्य करावयाचा. रस्सा पुन्हा एक मिनिट आत गेला आणि आणखी दोन मिनिटे झाकून ठेवला. यावेळी त्याच फोडीच्या पोटात ७६ आले. आता तो रस्सा वाढण्यास योग्य झाला.

या प्रयोगातून मोजण्याच्या पद्धतीविषयी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, सळईचे टोक अन्नाच्या पोटात असावे. ते हाडाला, वाडग्याच्या तळाला किंवा भिंतीला टेकले तर आकडा हाडाचा किंवा काचेचा येतो, अन्नाचा नव्हे. दुसरी, सळई घातल्याबरोबर दिसणारा आकडा वाचू नये. तो चढत असतो. तो एका जागी स्थिरावेपर्यंत थांबावे. साध्या थर्मामीटरला त्यासाठी दहा-पंधरा सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. तिसरी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. मर्यादेहून कमी तापलेल्या फोडीत घातलेल्या सळईला जिवंत जंतू चिकटलेले असण्याचा संभव असतो. पुन्हा मोजण्यापूर्वी ती साबणाने आणि गरम पाण्याने धुऊन पुसावी. आकडे दाखविणारे डोके मात्र पाण्यात बुडवू नये. आणि थर्मामीटर अन्नात खुपसलेला ठेवून यंत्र कधीही सुरू करू नये. मोजावयाचे ते वाडगा बाहेर काढल्यावरच.

दरवेळी एवढे मोजत बसावे लागेल काय? तसे नाही. आपल्याच यंत्रात, आपल्याच वाडग्यात, त्याच प्रमाणाच्या रस्स्याला चार-पाच वेळा मोजले की किती मिनिटे तापवावे आणि किती वेळा ढवळावे याचा अंदाज बसतो. मग मोजण्याचे काम शेवटी एकदा, सर्वांत जाड फोडीत आणि मध्यभागी, सळई घालून पाहण्यापुरते उरते. अन्न अधिक असले तर मात्र एकाच मोठ्या भांड्यात भरू नये. दोन किलो रस्सा खोल भांड्यात घालून दहा मिनिटे तापविण्यापेक्षा तो पसरट वाडग्यांत थोडा थोडा तापविणे बरे, किंवा सरळ शेगडीवर पातेले चढवून ढवळीत उकळी आणणे त्याहून बरे. गोठलेले अन्नही एकदम पूर्ण शक्तीवर तापवू नये. बर्फ या लहरी फारच कमी शोषतो आणि पाणी भरभर शोषते. त्यामुळे जो भाग आधी वितळतो तोच उकळू लागतो आणि शेजारचा बर्फ तसाच राहतो. असे अन्न आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावे.

थर्मामीटर जे सांगू शकत नाही

येथवर वाचून कोणी असा अर्थ काढू नये की, ७४ अंश आले म्हणजे कोणतेही शिळे अन्न निर्दोष झाले. थर्मामीटर एवढेच सांगतो की, या क्षणी या जागी जिवंत जंतू मरण्याइतकी उष्णता आहे. त्याआधी अन्नात काय घडून गेले, ते तो सांगत नाही.

भाताचे उदाहरण घ्यावे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूंची बीजे असतात, आणि तीही उकळीतून वाचतात. भात शिजवून रात्रभर परातीत बाहेर राहिला, तर हे जंतू वाढून अन्नातच विष तयार करू शकतात. ते विष इतके चिवट असते की, चुलीवरच्या उकळीने किंवा मायक्रोवेव्हने ते नाहीसे होत नाही. जंतू मेले तरी विष राहते, आणि असा भात खाल्ल्यावर थोड्याच तासांत उलट्या सुरू होतात. हातावरील जखमा आणि नाकातोंडातून अन्नात उतरणाऱ्या स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूंची गोष्टही तशीच. त्यांचे विषही तापविण्याला दाद देत नाही. अशा अन्नात सळई घातली तर आकडा ८० येईल, आणि तरीही ते अन्न बाधेल.

म्हणून थर्मामीटरचे काम सकाळी सुरू होत असले तरी सुरक्षिततेचे काम आदल्या दिवशी जेवणे आटोपताच सुरू होते. उरलेले अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे. मे महिन्यातील उकाड्यात, हवा ३२ अंशांवर असताना, एका तासाच्या आत. मोठे पातेले तसेच फ्रीजमध्ये ढकलू नये. त्याचा मध्यभाग निवण्यास कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ जंतूंना मोकळे रान मिळते. रस्सा पसरट भांड्यांत चार बोटांहून कमी उंचीचा ओतून ठेवावा, भात परातीत पातळ पसरून लवकर निववावा आणि मग झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. जो भात किंवा रस्सा रात्रभर बाहेर राहिला, तो दुसऱ्या दिवशी कितीही तापविला तरी ताटात घेऊ नये. तेथे थर्मामीटर काढण्याचेही कारण नाही.

वेळीच निववून फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताचेही तापविण्याचे तंत्र थोडे निराळे आहे. भाताची ढेकळे हाताने किंवा चमच्याने मोडावीत, वरून एक-दोन चमचे पाणी शिंपडावे, ताटलीत मध्ये खळगा ठेवून भात कडेने गोल मांडावा आणि झाकावे. मध्ये अन्नच नसले म्हणजे थंड मध्यभागाचा प्रश्न पुष्कळसा मिटतो. अर्ध्या वेळाने भात खालीवर करावा, आणि शेवटी झाकून ठेवल्यावर दोन-तीन ठिकाणी, विशेषतः एखादे ढेकूळ राहिले असेल त्याच्या पोटात, सळई घालून पाहावी. तापविलेला भात लगेच खावा. उरलाच तर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून तिसऱ्यांदा तापवू नये. प्रत्येक खेपेला अन्न कोमट उष्णतेतून जाते आणि प्रत्येक खेपेला जंतूंना नवी संधी मिळते. म्हणून जेवढे खावयाचे तेवढेच वाडग्यात काढून तापवावे आणि बाकीचे थंडच राहू द्यावे.

पुढच्या फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी रस्स्याचा वाडगा मायक्रोवेव्हमधून बाहेर येईल, तेव्हा कडेच्या वाफेवर विश्वास ठेवू नये. रस्सा तळापासून ढवळावा, दोन मिनिटे झाकून ठेवावा, सर्वांत जाड फोड शोधावी आणि सळईचे टोक हाड चुकवून तिच्या पोटात घालावे. आकडा स्थिरावू द्यावा. ७४ किंवा त्याहून वर असेल तर वाढावे. कमी असेल तर सळई धुऊन ठेवावी आणि वाडगा पुन्हा आत सारावा.